कोपरा फाटलेलं पत्र

मी बारा वर्षांचा असताना हैदराबादेत वारलो. वारलो तेव्हा मी माजलगावात भाकरी खात होतो, पण त्याला इलाज नव्हता.

त्याचं असं झालं. आमच्या अक्काचं लग्न ठरलं थेट हैदराबादेला! सासरा निजाम सरकारच्या दफ्तरात कारकून. माजलगावाहून बैलगाडीनं सेलूचं स्टेशन गाठायचं, पुढं आगगाडी. म्हणजे अक्का गेली की गेलीच. तोंडानं तिला काही सांगणं मला जमेना (रडू यायचं, आणि मी तर मर्द!). म्हणून पाठवणीच्या पहाटे मी पत्र लिहायला बसलो.

वडलांची, म्हणजे आबांची, पत्रं बघून रीत पाठ होती. वर मधोमध ‘श्री’. खाली ‘तीर्थरूप अक्कास बाळूचा शिरसाष्टांग नमस्कार’. मग मजकूर: ‘तुझी गोधडी मी घेतली आहे. कालवड तुझी वाट बघेल, तिला मी समजावीन. सासरी उलट बोलू नकोस, आपल्या घरी बोलतेस तसे.’ इथवर ठीक होतं. पण मग मला भरून आलं आणि मी लिहिलं, ‘तू गेल्यावर तुझा बाळू जिवंत आहे असे समजू नकोस. कळावे, लोभ असावा.’

वाचून माझं मलाच रडू आलं. इतकं सुंदर मी पुन्हा कधी लिहिलं नाही!

शुभपत्राच्या कोपऱ्यांना कुंकू लावतात. मी कालवलं ते पार पातळ. वरच्या कोपऱ्याला लावलं आणि ते ओघळत थेट ‘श्री’पर्यंत गेलं. एवढं देखणं पत्र बरबटलेलं कसं द्यायचं? मी तो कोपरा ‘श्री’सकट नीट फाडून टाकला. कोपरा फाटलेलं, बिनश्रीचं पत्र म्हणजे कुणीतरी गेल्याची खबर, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. मला तेवढं ठाऊक नव्हतं! असलं पत्र आलं की आबा ते अंगणातच वाचून तिथंच फाडायचे, घरात येऊच द्यायचे नाहीत.

पत्र अक्काच्या ट्रंकेत लुगड्याखाली सरकवलं आणि रडताना कुणी बघू नये म्हणून मी कडब्याच्या गंजीमागं दडून बसलो. पाठवणीला अख्खं गाव होतं, मी तेवढा नव्हतो.

पुढचं अक्कानं नंतर सांगितलं. हैदराबादेत बायकांपुढं सुनेची ट्रंक उघडली. लुगड्याबरोबर पत्र बाहेर आलं. कोपरा बघून सासूबाईंनी हातातलं ताट ठेवलं.

“अगं बया! हे कुणाचं?”

सासऱ्यांनी चष्मा लावून वाचलं. ‘तुझा बाळू जिवंत आहे असे समजू नकोस.’

“पण आत्याबाई, अक्षर त्याचंच हाय, मेल्यावर कसं लिवील?” अक्का रडत म्हणाली.

“मग? जाताना लिहून ठिवलं आसंल!” सासूबाईंपाशी उत्तर तयार. “तरीच पाठवणीला पोरगं दिसलं न्हाई. सुतकात पाठवणी उरकली आन आमाला फशिवलं! आता ह्या पोरीला पंचमीला माहेर न्हाई, दिवाळीला बी न्हाई!”

घरानं आंघोळी केल्या. अक्काला घास गिळवेना. भाऊ गेला, आणि आता माहेरही गेलं.

आमच्याकडं सासऱ्यांचं पत्र आलं. कोपरा फाटलेला बघून आबा अंगणातच थांबले. वाचता वाचता त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग पत्राकडं, पुन्हा माझ्याकडं. मी चटणीला तेल मागत होतो.

“काय रं बाळ्या,” ते शांतपणे म्हणाले, “तू कधी मेलास बे?”

मी सगळं कबूल केलं. मायनं कपाळावर हात मारला. आबांनी गाडी जुंपली. “पत्राला पत्र लिवून भागायचं न्हाई. मुडदाच न्हेऊन दाखवावा लागंल!”

आगगाडीत मी आयुष्यात पहिल्यांदाच बसलो, पण खिडकीबाहेर लक्ष नव्हतं. अक्काला काय म्हणायचं ते घोकत होतो. ‘अक्का, चुकलो. तुझ्यावाचून करमत न्हाई.’ एवढंच!

दार सासूबाईंनी उघडलं. आबांनी मला मानेला धरून पुढं केलं. “विहीनबाई, सुतक फिटलं बघा. आमचं येडं हाय, पर जित्तं हाय.” सासूबाईंनी माझा गाल चिमटून पाहिला, आणि त्या पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. “पंचमीला न्या बाई पोरीला! पर ह्याला न्यायला धाडू नका.”

तेवढ्यात अक्का आतून धावत आली. सुकून निम्मी झाली होती. आधी तिनं माझ्या थोबाडीत दिली, मग मला इतकं घट्ट धरलं की श्वास अडकला.

“मेल्या, आता काय सांगायचं ते तोंडानं सांग!”

माझ्यासाठी जिनं अन्न सोडलं होतं ती अक्का समोर उभी. सगळं घर ऐकतंय. घोकलेलं सगळं ओठांवर आलं, आणि तोंडातून निघालं,

“अक्का, लई भूक लागलीय. जेवायला काय हाय?”