वालाची टोपी

तिसरीच्या वर्गासाठी मी लिहिलेल्या पाठ टाचणाचे नाव ‘बी, माती आणि शेती’ होते. एकूण सहा तासिका. पहिलीत बियांची ओळख, दुसरीत मातीचे प्रकार, तिसरीत पेरणी आणि पुढच्या तीनमध्ये निरीक्षण. कृती क्रमांक चारपुढे मी लिहिले होते, ‘प्रत्येक विद्यार्थी रोज आपल्या रोपास एक पेला पाणी घालेल.’ पुढे जे घडले त्याची सुरुवात या वाक्यात आहे.

शाळा सीवूड्सची, मराठी माध्यमाची. शिक्षक होण्याआधी मी अकरा वर्षे वर्तमानपत्राच्या डेस्कवर होतो. आवृत्ती बंद झाली, जुनी डी.एड.ची पदविका कामी आली. त्यामुळे माझी टाचणे सुटसुटीत असत आणि मोठ्या बाई ती इतर शिक्षकांना वाचायला देत. या वेळी त्यांनी केंद्रप्रमुखांना बोलावले. त्यांच्या भेटीचा सोमवार ठरला आणि त्याच्या अकरा दिवस आधी, गुरुवारी, आम्ही पेरणी केली.

वाफा कुंपणाच्या भिंतीलगत होता. खाली खाडीच्या चिकट मातीवर टाकलेला भराव, वर नर्सरीतून आणलेल्या लाल मातीच्या गोण्या. मुले अठ्ठावीस. प्रत्येकाला वालाचे तीन दाणे आणि हजेरी क्रमांक लिहिलेली आइस्क्रीमची काडी. शिवाय वर्गात खिडकीजवळ ओल्या कापसाची एक काचेची बरणी ठेवली होती आणि तिच्यात पाच दाणे, बी कसे फुटते ते दिसावे म्हणून.

बरणीतले दाणे तिसऱ्या दिवशी फुटले. मूळ खाली गेले, देठ वाकून वर आला आणि दाण्याची दोन दळे डोक्यावर घेऊन उभा राहिला. मुलांनी त्याला टोपी म्हटले. टोपीच्या मधून दोन पाने निघाली. वाफ्यात मात्र काहीच दिसत नव्हते.

निरीक्षण वहीत तीन रकाने होते: तारीख, काय केले, काय दिसले. मुले दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून कंटाळली. कोणी ‘थोडेसे दिसले’ लिहिले, कोणी बरणी बघून वाफ्याचे चित्र काढले. सतरा क्रमांकाची मुलगी तसे करत नसे. ती काडीपाशी उकिडवी बसायची, माती न उकरता बघायची आणि लिहायची, ‘आज काही दिसले नाही.’ शाळेचे सलग आठ दिवस तेच वाक्य, दर वेळी पूर्ण. माझ्या डेस्कवर अशी नोंद ठेवणारी माणसे थोडी होती.

भेटीआधीच्या शुक्रवारी शाळेच्या मावशी वाफ्याशी थांबल्या. त्या उलव्याच्या जुन्या गावातल्या. घरची भातशेती जाऊन वर्षे झाली होती, पण घरामागच्या पट्टीत अजून वाल, मुळा करत. त्यांनी बोट खुपसून एक दाणा काढला. तो फुगलेला, मऊ होता. चिमटीत धरताच सालीतून पांढरे पाणी आले आणि वास सुटला.

“सर, पानी कोन घालतं?”

“सगळी मुलं. रोज एक एक पेला.”

“अठ्ठावीस पेले? याला वाफा नाय म्हनत, तलाव म्हनतात. मासे सोडा.” त्या हसल्या, मग हसू आवरले. “आमी भात कापलं की ओलीवरच वाल टाकतो. उगवंपर्यंत वरून थेंब नाय. खाली ही चिकट माती, पानी जाईल कुठं? बी कुजलं हाय.”

“सोमवारी साहेब येणार आहेत, मावशी.”

“मग सांगा, कुजलं. परत टाकू.”

हे सांगणे सोपे होते. मुलांसाठी तो सातवा, बहुधा सगळ्यात चांगला तास झाला असता. मी त्याऐवजी विचारले, “तुमच्या पट्टीतली रोपं केवढी झालीत?”

त्यांनी माझ्याकडे पाहिले. “वीतभर,” म्हणाल्या.

शनिवारी शाळा सुटल्यावर त्या मातीच्या ढेकळांसकट अठ्ठावीस रोपे टोपलीत घेऊन आल्या. ती त्यांच्या घरच्या भाजीची होती. लावताना त्या एकदाच बोलल्या, “सकाळपर्यंत माना टाकतील. सावली करा.” मी जुन्या बॅनरची सावली केली. प्रत्येक काडीशी एक रोप लावले.

सोमवारी सकाळी मुले ओरडत धावली. “सर, उगवलं! माझं मोठं हाय!” “माझं तुझ्यापेक्षा मोठं!” सतरा क्रमांकाची मुलगी नेहमीसारखी उकिडवी बसली. पानाला हात न लावता तिने खोडाकडे पाहिले. मग वर्गात जाऊन बरणी बघून आली.

“सर, याची टोपी कुठंय?”

मी ऐकले नाही असे दाखवले.

“सर, बरणीतल्याला दोन पानं आहेत. याला तीन तीन पानं आहेत. शनिवारी काहीच नव्हतं.”

केंद्रप्रमुख फाटकातून आत येत होते. मोठ्या बाई पुढे गेल्या होत्या. मी म्हणालो, “काही रोपं लवकर वाढतात. लिही, उगवले.”

मी हे वाक्य उच्चारले तेव्हा माझा आवाज नेहमीचा होता. ते मला नंतर आठवले.

तिने लिहिले. मग पेन्सिलीच्या मागचे रबर वहीवर टेकवून विचारले, “मग आधीचं पण खोडू का?”

मी “नको” म्हणालो. ते तिच्या नोंदींच्या आदरापोटी नव्हते. साहेब चार पावलांवर होते, खोडायला वेळ नव्हता.

त्यांनी नेमकी तीच वही उचलली. “आठ दिवस काही नाही, आणि नवव्या दिवशी उगवले! बघा, याला म्हणतात निरीक्षण.” त्यांनी पानाचा फोटो काढला, तिच्या डोक्यावर हात ठेवला, माझे टाचण इतर शाळांना पाठवायला मागून घेतले. मुलगी हसली नाही. मावशी व्हरांड्यात झाडत होत्या. त्यांनी झाडू थांबवला नाही.

आठवडाभरात बरीच रोपे वाळली. वर्तमानपत्रात चूक झाली तर दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर दुरुस्ती छापत. मी पंधरा दिवस लावले. आधी कृती क्रमांक चार बदलून टाचण साहेबांना पुन्हा पाठवले. मग वर्गाला सांगितले की बी कुजले होते, रोपे मावशींची होती, मी खोटे बोललो. मुले हसली. एक जण म्हणाला, “आम्हाला माहीतच होतं सर, बॅनर कशाला बांधला होता?” मोठ्या बाईंना मी हे सांगितले नाही. अजूनही नाही.

मग मावशींनी माती उपसून खाली खडीचा थर घातला, वाफा उंच केला आणि दाणे त्यांच्याच घरचे दिले. मुलांनी पेरले. पेरण्याआधी एकदा माती ओलवली, मग कोणी पेला घेतला नाही. सहाव्या दिवशी सतराव्या काडीशी माती तडकली होती आणि फटीतून वाकलेला देठ, डोक्यावर टोपी, स्पष्ट दिसत होता.

ती मुलगी वही उघडून बसली. तारीख लिहिली. ‘काय केले’ लिहिले. तिसऱ्या रकान्याशी पेन्सिल थांबली. रोप तिच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर होते. तिने त्याच्याकडे पाहिले नाही, वर माझ्याकडे पाहिले.

“सर, आज काय लिहायचं?”