आरतीच्या ताटातला मोडका दाणा

माझ्या थोरल्या जाऊबाई बालवाडीच्या बाई म्हणून निवृत्त झाल्या, पण त्यांच्यातली बाई काही निवृत्त झाली नाही. दारात पार्सल घेऊन आलेल्या माणसालाही त्या "बाळा, पाणी प्यायलास का?" विचारतात. मी त्यांना ताई म्हणते. माझी लेक त्यांना मोठी आई म्हणते. लेकीला घरात सगळे चिमणी म्हणतात, आता लग्नाला आली तरी चिमणीच. मी नोकरीवर जायचे तेव्हा तिची वेणी ताईंनी घातली, शाळेतलं पहिलं भांडणही तिने येऊन ताईंनाच सांगितलं. मला हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू?

चिमणी लहान मुलांसाठी व्हिडिओ बनवते. पाहणारे वाढेनात म्हणून तिचा जीव खालीवर व्हायचा. एकदा ती ताईंच्या गळ्यात पडली. "मोठी आई, आरतीच्या ताटात काय काय असतं आणि का असतं, ते मुलांना तू सांग ना. तुझ्यासारखं कुणालाच येत नाही." ताईंनी आधी आढेवेढे घेतले, मग कपाटातली चांगली साडी काढून तिला इस्त्री केली. तेवढ्यावरून मला काय ते कळलं.

पितळी ताट मी घासून दिलं. ज्योत हलू नये म्हणून पंखा बंद, खिडक्या बंद. चिमणीचे ते मोठे दिवे लावल्यावर खोलीची नुसती भट्टी झाली. ताईंनी फुलवाती आधीच तुपात भिजवून ठेवल्या होत्या. "कोरी वात तडतडते आणि आधी स्वतःच जळते," त्या म्हणाल्या. कापूर मात्र डबीतच ठेवायला सांगितला, कारण उघड्यावर ठेवला की तो उडून जातो. डबीत दोन-चार मिरे टाकलेले होतेच.

मग त्या मुलांशी बोलू लागल्या, आणि मीसुद्धा घाम पुसायचा विसरून ऐकत बसले.

"घरी कुणी आवडतं माणूस आलं की आपण काय करतो? दिवा लावतो, पाणी देतो, 'या, या' म्हणतो. तसंच हे. हे निरांजन. दिव्यामुळे दिसतं, म्हणून दिवा म्हणजे ज्ञान. ही उदबत्ती. स्वतः थोडी थोडी संपते आणि वास सगळ्यांना देते. फूल मऊ असतं, कुणाकडे काही मागत नाही, आपलं मनही तसं असावं. ही हळद, हे कुंकू. दोन्ही म्हणजे सगळ्यांचं चांगलं होवो. ही सुपारी. देवाची मूर्ती नसली तरी हिला देव मानून पुजता येतं, म्हणजे देव छोट्याशा गोष्टीतही मावतो. घंटा ताटात नाही ठेवायची, डाव्या हातात धरायची. आपलं मन खेळायला पळालेलं असतं ना, त्याला ती हाक मारते."

ताट कसं ओवाळायचं तेही दाखवलं. घड्याळाचे काटे फिरतात तसं, सावकाश, देवाच्या पायांपासून वर चेहऱ्यापर्यंत. "घाई केली तर ज्योत घाबरते," म्हणाल्या. चिमणी कॅमेऱ्यामागे हसली.

मग त्यांनी अक्षतांची वाटी उचलली. "हे कुंकू लावलेले तांदूळ. अक्षत म्हणजे न मोडलेलं, पूर्ण. म्हणून यात अख्खे दाणेच घ्यायचे." त्यांनी बोटाने एक तुकडा दाणा बाजूला काढला. तो तळव्यावर ठेवून बघत बसल्या.

"चिमणे, बंद कर गं जरा."

"बंद आहे," चिमणी म्हणाली.

आणि ताई बोलल्या. मी लग्न होऊन या घरात यायच्या आधीची गोष्ट. त्यांचं बाळ दवाखान्यातून घरी यायचं होतं. बाळंतपणाला जायच्या आधी त्यांनी स्वतः बसून अक्षता निवडल्या होत्या. बाळ आलंच नाही. त्यानंतर सासूबाईंनी त्यांना ताट धरू दिलं नाही. 'मोडका दाणा ताटात नको' एवढंच म्हणाल्या. "तुला घरी आणलं ना चिमणे, तेव्हा ओवाळायचं ताट मीच लावलं होतं. धरलं मात्र नाही. मी स्वयंपाकघरात होते. तुझं रडणं तिथून ऐकलं."

मी त्या दिवशी दारात बाळाला घेऊन उभी होते. ताई कुठे म्हणून विचारलं तर सासूबाई म्हणाल्या होत्या, आंघोळीला गेलीय. इतकी वर्षं एका ओट्यावर पोळ्या लाटल्या आम्ही, आणि हे मला आज कळत होतं. चिमणीने ताईंना मिठी मारली. ताईंनी डोळे पुसले, पदर नीट केला, "चल, कापूर राहिला," म्हणाल्या. कापूर पेटवून सांगितलं, की हा जळतो आणि मागे राखही ठेवत नाही, तसा आपला मीपणा जावा. मग ज्योतीवरून हात फिरवून डोळ्यांना कसे लावायचे ते दाखवलं. काम संपलं.

व्हिडिओ आला तेव्हा ताई समोरच्या घरातली पोरं गोळा करून बसल्या होत्या. मी मोबाइल उभा करून दिला. निरांजन दिसलं, घंटा एकदा वाजली, आणि एकदम ताईंचा तळवा, त्यावर तो दाणा. मागे कुठलीशी रडवी बासरी. "बाळ आलंच नाही," ताईंचा आवाज म्हणाला. सुपारी नाही, उदबत्ती नाही, कापूर नाही. एका पोरीने विचारलं, "आजी, तुमचं बाळ कुठे गेलं?"

ताईंनी मोबाइल पालथा घातला आणि पोरांना खाऊ दिला. पोरं गेल्यावर भिंतीला टेकून बसल्या. "ती बंद आहे म्हणाली होती ना गं?" त्यांनी मला विचारलं. मी तिची आई.

सगळीकडून फोन आले. कुणी हळहळलं, कुणी सासूबाईंच्या नावाने बोटं मोडली. भाजीवालीनेही ताईंचा हात धरून उसासा टाकला. ताई घराबाहेर पडेनाशा झाल्या.

मी चिमणीला फैलावर घेतलं. "अगं, लोक रडले बघून! मोठ्या आईवर सगळ्यांचा जीव जडलाय," ती म्हणाली. "तिला न्याय मिळाला." मला तिच्या थोबाडीत मारावीशी वाटली. न्याय कुणी मागितला होता? ताईंनी फक्त कॅमेरा बंद करायला सांगितलं होतं. शेवटी चिमणीने व्हिडिओ काढून टाकला, तोवर तो कुठे कुठे पोचला होता देव जाणे. ती रडत ताईंच्या पायांशी आली. ताईंनी तिला उठवलं, डोक्यावरून हात फिरवला, जेवायला वाढलं. मला वाटलं, मिटलं.

हल्ली ताई समोरच्या पोरांना घरातच सगळं सांगतात. परवा ताट पुढ्यात होतं, अक्षता निवडणं चाललं होतं. एका पोराने मोडके दाणे वेगळे काढले. "मग यांचं काय करायचं?" त्याने विचारलं. ताई काही सांगणार तेवढ्यात चिमणी दारात आली, नुसतीच, हातात काहीही नव्हतं. ताईंनी ताट जवळ ओढलं. वाटीवर हात ठेवून बसून राहिल्या.

"सांग ना मोठी आई, मी पण ऐकते," चिमणी म्हणाली.

"ये, बस. चहा घेशील?"

चिमणी थोडा वेळ ताटकळली आणि गेली. मी मात्र तिथेच होते, कोपऱ्यात वाती वळत. पोराने पुन्हा विचारलं. ताईंनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, परकं माणूस बसलेलं असावं तसं.

"तुम्हीही जरा आत जाता का?" मला नेहमी 'अगं' म्हणणाऱ्या ताई म्हणाल्या.

मी वाती खाली ठेवल्या आणि स्वयंपाकघरात येऊन उभी राहिले. बाहेर ताई पोरांना काहीतरी सांगत होत्या, इतक्या हळू आवाजात की मला एक शब्दही ऐकू आला नाही.