पाखराचा निळा

चौथीत शाळा सुटली, पण रंगाच्या बाबतीत मी कोणाचं ऐकून घेतलं नाही. आर्वीत दुकानांच्या पाट्या रंगवण्यात जन्म गेला. लुगड्याचा तुकडा आणा, ट्रॅक्टरचा पत्रा आणा, तस्साच रंग काढून देतो, असं छाती ठोकून सांगत आलो. रंग जुळला तरच चित्राखाली सही, हा माझा नेम.

मागच्या साली कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या मॅडमनी भिंतीवर फुलपाखरू काढायला बोलावलं. नमुना काचेच्या पेटीत होता. काळे पंख, पांढरे ठिपके, ठिपक्यांभोवती निळी झाक.

"काका, तो निळा नाही जुळायचा," मॅडम म्हणाल्या.

"काऊन नाई जुळणार? मले रंग शिकवता का?"

खिडकीपाशी पेटी ठेवून निळा घोटला. हुबेहूब जुळला. पेटीच्या बाजूला सरकलो, तर पाखराचा निळा जांभळा झालेला. अजून सरकलो, तर नुसता काळा पंख. माझा निळा मात्र कुठूनही पाहा, तसाच. तीनदा नवा निळा घोटला, तीनदा फसलो.

मग म्हटलं, रंग पंखातूनच काढू. टेबलावर तशाच पाखराचा एक तुटका पंख पडला होता. मॅडम वर्गावर गेल्या तसा तो खलात टाकला आणि नीळ कुटतो तसा कुटला. नीळ कितीही कुटा, निळीच राहते. हा भुगा निघाला काळपट. निळ्याचा मागमूस नाही.

मॅडम आल्या, खलात पाहिलं आणि हसल्या. "काका, निळ्याचं घरच कुटलं की तुम्ही!"

"पन रंग गेला कुठी?"

"पंखात निळा रंग नव्हताच. पंखावर बारीक खवले असतात. त्यांच्यावर छपरावरच्या कवेलूंसारखे थर, मधे हवा. वरच्या थरावरून परतलेला उजेड आणि खालच्यावरून परतलेला, यांच्या लाटा ज्या रंगात जुळतात तो रंग झळकतो. तिरपं पाहिलं की ती जुळणी बदलते. रस्त्यावर सांडलेलं डिझेल पाहता ना? तसंच."

"अन् माहा निळा?"

"त्याचा कण बाकीचे रंग गिळतो आणि निळा चारी दिशांना फेकतो. म्हणून कुठूनही निळाच."

हे मानायला मला दोन दिवस लागले. दोन्ही दिवस मी तो भुगा कागदावर घेऊन उन्हात फिरवून पाहिला. काळा तो काळाच.

पण सहीशिवाय भिंत सोडणं आपल्याच्यानं होणार नव्हतं. तिसऱ्या दिवशी पहिला निळाच लावला, चित्राखाली पेटी ठोकली आणि खिडकीकडे फरशीवर पांढऱ्या रंगानं दोन पावलं काढली.

"मॅडम, या पावलायवर उभ्या राहा. जुळला का नाई?"

त्या उभ्या राहिल्या. खाली पेटीकडे, वर भिंतीकडे पाहिलं. "जुळला, काका." मग मुद्दाम एक पाऊल बाजूला टाकायला निघाल्या.

"तिथंच थांबजा जराशा," मी म्हणालो आणि सही केली.