आपल्याकडून म्हणजे कोणाकडून

माझ्याशी कुणी फार गोड बोललं की माझा हात आधी पर्सवर जातो. आणि दैव बघा, पोटापाण्याला काम मिळालं ते गोड बोलण्याचंच. दोन हजार सालानंतर घरोघर मोबाइल आले, तेव्हा इंदिरानगरजवळच्या एका कॉल सेंटरसाठी मी इंग्रजी स्क्रिप्ट मराठीत करून द्यायचे. ग्राहक चिडला तर काय म्हणायचं, फोन होल्डवर टाकताना परवानगी कशी मागायची, वेबसाइटवरच्या नेहमीच्या प्रश्नांना काय उत्तर द्यायचं, असं सगळं. अट एकच होती: इंग्रजीत जेवढा नम्रपणा, तेवढाच मराठीत. कमी नको आणि लाचारीही नको.

एकदा मॅनेजरनी तातडीनं बोलावलं. मनमाडहून रोज रेल्वेनं येणारी एक मुलगी तिथं फोन घ्यायची. नोकरीत कायम होण्याच्या बेतात होती, आणि तिच्यावर आरोप आला होता की तिनं कंपनीची चूक परस्पर कबूल केली. एका ग्राहकाच्या फोनवर न मागता गाण्यांची सेवा सुरू झाली होती आणि तिचे पैसे कापले जात होते. त्यानं लेखी तक्रारच केली होती की तुमच्याच बाईनं मान्य केलंय, आता भरपाई द्या. मॅनेजर म्हणाले, मुलगी स्क्रिप्ट सोडून बोलते, तिला काढावं लागेल.

रेकॉर्डिंग ऐकलं. मुलगी शांतपणे म्हणत होती, "आपल्याकडून चुकून ही सेवा सुरू झाली असावी."

हे वाक्य माझं नव्हतं! मी मुलीकडे पाहिलं. ती खाली मान घालून ओढणीचं टोक पिळत होती. मला वाटलं, झालं, पोरीनं मनाचं घुसडलं आणि आता साळसूदपणे उभी आहे. खरं सांगते, मला तिचा रागच आला. मग तिनं आपला स्क्रीन माझ्याकडे वळवला. तिथं तेच वाक्य, अक्षर न् अक्षर.

आता माझा संशय तिथून उठून सरळ मॅनेजरांवर जाऊन बसला. मी लिहून दिलं होतं 'तुमच्याकडून'. 'आपल्याकडून' कुणी केलं? विचारलं तर हे गृहस्थ कौतुकानं सांगू लागले. म्हणे वेबसाइटवर 'आपण' होतं आणि फोनच्या स्क्रिप्टमध्ये 'तुम्ही'. इंग्रजीत दोन्हीकडे एकच शब्द, मग मराठीत दोन कशाला? त्यांनी कॉम्प्युटरला हुकूम सोडला आणि एका झटक्यात सगळ्या 'तुम्ही'चं 'आपण' आणि 'तुमच्या'चं 'आपल्या' करून टाकलं. शिवाय 'आपण' जास्त आदराचं, नाही का?

आदराचं आहेच हो. पण मराठीत 'आपण' म्हणजे समोरचाही आणि आपण सगळेही. 'आपण जेवूया' म्हटलं की बोलणाराही ताटावर बसतो. कंपनीच्या खुर्चीतून कुणी 'आपल्याकडून चुकून' म्हणालं, तर ऐकणारा काय समजणार? कंपनीनंच चूक कबूल केली असं तो समजला, ते काही चुकीचं नव्हतं.

मॅनेजर लगेच मानायला तयार नव्हते. मला वाटलं, आता हे सगळं माझ्या भाषांतरावर ढकलणार. त्यांना बहुधा वाटत होतं, मी मुलीला पाठीशी घालतेय. मुलगी आम्हा दोघांकडे पाहत होती, आणि तिचा दोघांवरही विश्वास नव्हता.

शेवटी मीच सुचवलं, 'तुम्ही'च ठेवू. आदर क्रियापदात आणू: 'सांगाल का', 'थांबाल का'. आणि ग्राहकाच्या माथी दोष मारणारं ते वाक्यच बदलू: 'तुमच्या फोनवर चुकून बटण दाबलं गेल्यानं ही सेवा सुरू झाली असावी. आम्ही ती लगेच बंद करतो.' इंग्रजीतही तसंच करू, म्हणजे दोन्ही भाषांत कुणी कुणावर बोट दाखवणार नाही. वेबसाइटवरच्या उत्तरातही हेच. मॅनेजरनी ते दोनदा वाचलं आणि मान हलवली.

मग ते मुलीकडे वळले. आवाज एकदम मऊ केला. माझा हात सवयीनं पर्सवर गेला.

"जाऊ दे," ते म्हणाले, "आपल्याकडून चूक झाली."

मुलीनं पहिल्यांदा मान वर केली. "सर, आपल्याकडून म्हणजे कोणाकडून?"

मॅनेजर माझ्याकडे बघायला लागले. मी मुद्दाम खिडकीबाहेर बघत राहिले. या शब्दाचं भाषांतर त्यांचं त्यांनीच करायचं होतं.

"आमच्याकडून," ते म्हणाले. "माझ्याकडून."

मुलीनं मान डोलावली, पण जागची हलली नाही. "हे वरच्या साहेबांनाही असंच सांगाल का?" तिनं विचारलं, अगदी नव्या स्क्रिप्टसारखं, आणि मॅनेजर वर फोन लावेपर्यंत तिथंच उभी राहिली.