घोड्याचा मुक्काम

पोस्टकार्ड उघडंच येतं, त्यामुळं ते वाचलं म्हणून मला कुणी चोर म्हणू नये. तिसगावच्या पोस्टात मी बसायचो, आणि सूर्यभान बडे यांना येणाऱ्या कार्डावर असायचंच काय? बुद्धिबळाची एक चाल आणि खाली ‘आप्पासाहेब, नेवासा’.

दोघांनी श्रीगोंद्याच्या साखर कारखान्यात उमेदीची वर्षं काढली. आप्पासाहेब टाइमकीपर, सूर्यभान वजनकाट्यावर. नोकरी सुटल्यावर डाव टपालानं सुरू झाला. नेम एवढाच की, हरणाऱ्यानं पट घेऊन जिंकणाऱ्याच्या घरी जायचं, जेवायचं आणि नवा डाव तिथंच मांडायचा.

बायको मनकर्णा गेल्यापासून पाच वर्षांत सूर्यभान चारही डाव हरले. मलाही थोडं खेळता येतं. त्यांच्या चाली कार्डावरून माझ्या पटावर लावून बघायचो. जिंकत आलेला डाव हा माणूस अशा भोळसट चालीनं घालवायचा की माझं डोकं फिरायचं. एकदा तोंडावरच विचारलं, “मुद्दाम हरता का हो?”

“व्हय,” ते म्हणाले. “पोरगा-सून दसरा झाला की ऊसतोडीला जात्यात. घरात मी एकला. नेवाशात सात मानसं हायेत. जेवताना कुणीतरी ‘आनखी घ्या’ म्हनतं. जिंकलो तर कोन बोलावील मला?”

मी शिक्के मारत बसलो.

मग एकाहत्तरच्या दिवाळीनंतरचा डाव आला. पांढरी मोहरी सूर्यभानांची. आप्पासाहेबांनी वजिराच्या बाजूच्या उंटाचं प्यादं पुढं ढकलून पटाच्या मधोमध उभा असलेला सूर्यभानांचा घोडा हुसकावला. तो कडेच्या शेजारच्या उभ्या ओळीत जाऊन बसला, ना खायच्या कामाचा ना राखायच्या. तोऱ्यात येऊन आप्पासाहेबांनी राजासमोरचं प्यादंही पाचव्या ओळीवर आणलं. घोडा आता परत मधे उतरूच शकणार नव्हता. पण प्यादं काही मागं येत नाही. ती दोन्ही पुढं गेली आणि त्यांच्या मधलं घर उघडं पडलं, आता ते राखायला आप्पासाहेबांकडं प्यादंच उरलं नव्हतं. त्यांचे घोडे मारामारीत संपलेले, एकच उंट शिल्लक, तोही काळ्या घरांवरचा. आणि हे घर पांढरं.

सूर्यभान माझ्या टेबलाशी आले आणि रिकामं कार्ड घेऊन उभेच राहिले. “हितं घोडा बसला तर त्याला कोन उठवनार न्हाई,” ते हळूच म्हणाले. “माझी दोन प्यादी त्याला धरून हायेत.”

“मग बसवा.”

“बसवला तर जिंकतो. जिंकलो तर नेवासा बुडलं.”

पण खेळणाऱ्याचा हात असतो, तो राहत नाही. आधी घोडा मागं आला, दुसऱ्या ओळीत. मग आणखी मागं, थेट पहिल्या ओळीत, राजाच्या बगलेला. आप्पासाहेबांनी कार्डावर लिहिलं, ‘घोडा तबेल्यात चालला का?’ मग तिसऱ्या ओळीत, आणि चौथ्या चालीला त्या घरात. चार चालींना सव्वा महिना गेला. ते कार्ड टाकताना सूर्यभान मला म्हणाले, “लई दिवसांनी खरं खेळलो.” आणि त्यांचा चेहरा पडलेला होता.

पुढं व्हायचं तेच झालं. तो घोडा सगळीकडची घरं अडवून बसला. आप्पासाहेबांच्या हत्तींना जायला जागा नाही, उंट आपल्याच प्याद्यांमागं कोंडलेला. सूर्यभानांनी सवडीनं राजाच्या बाजूची प्यादी पुढं काढली. वैशाखात कार्ड आलं, ‘हरलो. रविवारी येतो.’

रविवारी सूर्यभानांनी मलाही जेवायला बोलावलं, कदाचित घर भरल्यासारखं दिसावं म्हणून. पिठलं-भाकरी त्यांनी स्वतः केली होती. आप्पासाहेबांनी घरात एक नजर फिरवली. एकच गोधडी, चुलीपाशी एकच पाट; पोरगा-सून अजून तोडीवरच.

जेवून हात धुताना ते म्हणाले, “असा घोडा फिरवणारा मानूस चार डाव हरतो व्हय? मला येडा समजलास?”

सूर्यभान खाली बघत म्हणाले, “तुमच्याकडं यायला मिळायचं.”

आप्पासाहेब उठले. त्यांनी पट गुंडाळला आणि पिशवीत घातला. नवा डाव मांडलाच नाही. “आता हरायचं काम न्हाई. वाटंल तवा ये,” ते म्हणाले. “घर तुझंच हाय.”

मी त्यांना यष्टीत बसवून परत आलो, तर सूर्यभान पाटावर तसेच बसलेले.

“मग? कधी निघता?” मी विचारलं.

“कसं जाऊ?” ते म्हणाले. “हरलो म्हनून जात हुतो. आता काय म्हनून जाऊ?”

त्यानंतर नेवाशाहून त्यांच्या नावाची चार कार्डं आली. ‘कधी येतोस?’ एवढंच लिहिलेलं. उत्तरासाठी त्यांनी माझ्याकडून एकदाही कार्ड विकत घेतलं नाही.