दोन नंबर युनिटची चौकट

“तीन चार्ट जरा मोठे केलेस की पान भरतं. त्यात काय एवढं आभाळ कोसळतंय?” एकोजीभाऊजींनी तेच पुन्हा विचारलं. या वेळी आवाज इतका चढला, की स्वयंपाकघरात केळफूल निवडत बसलेल्या सासूबाईही दारात आल्या.

“पान भरायचं नाहीये, भाऊजी,” कल्पना म्हणाली. “तुमच्या युनिटची शीट भरायचीय. भरा. दोन मिनिटांत पुन्हा काढून देते.”

“आकडे अजून पक्के नाहीत म्हटलं ना!”

“मग ते तिथं लिहिलंय. ‘आकडे मिळाले नाहीत.’ खोटं आहे का?”

डायनिंग टेबलावर कल्पनाचा लॅपटॉप उघडा होता. पडद्यावर गुम्मिडिपूंडीच्या कारखान्याच्या महिन्याच्या बैठकीचं पीपीटी होतं. पानाच्या चार कोपऱ्यांत चार युनिटांचे चार चार्ट, कुठल्या युनिटचा किती टक्के माल नापास झाला ते सांगणारे. एक, तीन आणि चार नंबरच्या युनिटांचे निळे खांब आपापल्या जागी उभे होते. वर उजवीकडे, दोन नंबरच्या जागी, तेवढ्याच लांबीरुंदीची राखाडी चौकट होती, आत ‘आकडे मिळाले नाहीत’ एवढेच शब्द. पान उघडलं की डोळा आधी तिथंच जायचा. दोन नंबर युनिटचे प्रमुख होते एकोजी, कल्पनाचे थोरले दीर.

“घरच्या माणसाला असं चव्हाट्यावर बसवतात का गे?” सासूबाई, राजसबाई, म्हणाल्या. त्यांचं तंजावरी मराठी रागात तमिळच्या चालीवर जायचं. “अय्यो, नोकरी कुणी लावली तुला?”

हा बाण कुठून येणार, हे कल्पनाला ठाऊक होतं. एकदाचा तो आला तेव्हा तिला बरंच वाटलं.

नोकरी भाऊजींनीच लावली होती, ते खरं. जळगावहून लग्न होऊन ती तमिळ मुलखात, अण्णा नगरच्या या घरात आली, तेव्हा तिला तमिळचा एक शब्द येत नव्हता आणि घरातलं मराठी निम्मं कळत नव्हतं. मुलगी शाळेत जाऊ लागल्यावर तिनं नोकरीचं नाव काढलं. भाऊजींनी गाड्यांच्या ब्रेकच्या रबरी नळ्या बनवणाऱ्या आपल्या कारखान्यात शब्द टाकला आणि ती ऑफिसात आकडे भरायला लागली. पुढं महिन्याचं पीपीटी तिच्या गळ्यात पडलं. एक्सेलमधला चार्ट उचलायचा, स्लाइडवर चिकटवायचा, ओढून बसवायचा. एक बोटभर वर, तर दुसरा बोटभर डावीकडे. गेल्या महिन्याची फाईल नवीन नावानं सेव्ह करून तीच वापरायची, म्हणून कधी जुना चार्ट नव्या महिन्याच्या मथळ्याखाली तसाच राहायचा. एखाद्या युनिटनं आकडे दिलेच नाहीत, तर त्याचा चार्ट काढून बाकीचे फुगवायचे. पान भरलेलं दिसलं की सगळे खूश. काय नाही, ते कुणाला दिसायचं नाही. भाऊजी आज मागत होते ते नवीन काहीच नव्हतं. कारखान्याची ती जुनी रीतच होती.

ती रीत मोडली कल्पनाच्या स्क्रिप्टनं, म्हणजे पीपीटी आपोआप बनवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमनं. जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर व्हिडिओ बघत, चुकत, स्वतःवर चिडत तिनं ती लिहिली. आधी एक कोरं टेम्प्लेट केलं. त्यातल्या प्रत्येक चार्टला नाव दिलं, जागा ठरवली, रंग ठरवले. उभी पट्टी सगळ्यांना एकच, शून्यापासून सहा टक्क्यांपर्यंत. म्हणजे कुणाचा खांब उंच दिसला तर तो खरंच उंच. स्क्रिप्ट दर महिन्याला त्या कोऱ्या टेम्प्लेटपासूनच सुरुवात करायची. एक्सेलमधून त्या त्या नावाचे आकडे उचलायची, चार्टच्या आतले आकडे तेवढे बदलायची, बाकी कशाला हात लावायची नाही. आकडे नसले तर चार्ट काढून त्याच जागी, त्याच मापाची राखाडी चौकट ठेवायची. चौकटीची ती ओळ लिहिताना कल्पनाला फार विचार करावा लागला नव्हता. नाही ते नाही. ताटात मीठ वाढलं नसेल तर भाजी पसरून ती जागा झाकत नाहीत.

संचालक रामस्वामी सरांना तिचं पीपीटी आवडायचं. मागची पानं आणि आजची पानं एकामागून एक उलटली तरी चार्ट जागचा हलत नाही, हलतात ते फक्त खांब, असं ते बैठकीत म्हणाल्याचं तिच्या कानावर आलं होतं. तिथं कल्पना नव्हती, तिला बोलावत नसत. पण तेव्हापासून तिच्या पानावर कुणी वाद घालत नव्हतं. लोक थेट खांबांवर भांडत. एवढ्या वर्षांत कारखान्यात तिनं स्वतःची म्हणून कमावलेली गोष्ट हीच होती, आणि आज ती तिच्याच घरात, जेवणाच्या टेबलावर, तिच्याकडून मागितली जात होती.

“उद्या कशाची बैठक आहे माहितेय ना तुला?” भाऊजी आता हळू बोलले. “प्लांट हेडचं नाव ठरणार आहे, माझंही त्यात आहे. नवीन साचा बसवला, त्यात नळ्यांना चिरा गेल्या. महिनाभरात सरळ होईल. एक महिना, कल्पना. पुढच्या महिन्यात तुला दोन्ही महिन्यांचे आकडे देतो.”

“मग उद्या हेच सांगा ना. साचा नवीन होता, चिरा गेल्या, सरळ होतंय. आकड्यांसकट सांगा.”

“तुला काय कळतं बैठकीत काय सांगायचं ते!”

“नाही कळत. म्हणून तर मी सांगत नाहीये. तुम्हाला सांगतेय, तुम्ही सांगा.”

सोफ्यावर पेपर वाचत असलेल्या, म्हणजे पेपरामागे बसलेल्या तिच्या नवऱ्याला, गिरीधरला, बोलणं भाग पडलं. “अगं, दादा म्हणतोय तर कर ना ॲडजस्ट. सुम्मा, नुसता एक चौकोन तर आहे.”

“सुम्मा चौकोन आहे तर त्यांना एवढा का टोचतोय?”

गिरीधरनं पेपर पुन्हा वर केला.

“बरं,” भाऊजी उठले. “तू नको करूस. तुझ्या हाताला पाप नको. मी करतो.”

त्यांनी आपला लॅपटॉप आणला आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसले. सरांना पाठवण्याआधी युनिटप्रमुखांनी पीपीटी बघावं म्हणून ते कंपनीच्या सामायिक फोल्डरमध्ये असायचं. त्यांनी ते उघडलं, राखाडी चौकट निवडली आणि डिलीट केली. मग चार नंबरचा चार्ट वर मोकळ्या जागेत ताणला, एक आणि तीन नंबरचे ओढून रुंद केले. खांबांचे तीन गठ्ठे पानभर पसरले. एकाची अक्षरं मोठी झाली, दुसऱ्याची लहानच राहिली.

त्यांची बायको विद्यालक्ष्मी कॉफी घेऊन आली, वाकून बघितलं आणि म्हणाली, “हे काय, तीन पाहुणे चार खुर्च्यांवर बसल्यासारखं दिसतंय.”

“तू आत जा,” भाऊजी म्हणाले. पण कल्पनाकडे बघून हसले. “झालं. भरलं पान. आता तू काय करणार?”

“पुन्हा काढणार.”

“म्हणजे?”

कल्पनानं स्क्रिप्ट चालवली. पडद्यावर लाल ओळ आली. फाईल दुसरीकडे उघडी आहे, तिच्यावर लिहिता येत नाही.

“भाऊजी, तुमची फाईल बंद करा.”

“का?”

“स्क्रिप्ट पीपीटी नव्यानं बनवते. कोऱ्या टेम्प्लेटवरून. तुम्ही हातानं जे केलंत त्यातलं तिला काही दिसत नाही. शीटमध्ये आकडे असले तर चार्ट, नसले तर चौकट.”

भाऊजींच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. आपण ताणलेले चार्ट तिच्या एका बटणावर अवलंबून आहेत, हे त्यांना आत्ता कळलं. “नाही करणार बंद,” ते म्हणाले. “संध्याकाळी पाठवायची वेळ होईपर्यंत उघडीच ठेवतो. बसू दे तुझ्या स्क्रिप्टला.”

“कल्पना,” सासूबाई म्हणाल्या, “थोरल्याचा मान ठेव गे. पोदुम, पुरे झालं.”

“मान ठेवतेय, अम्मा. म्हणून तर आकडे त्यांच्याकडेच मागतेय, त्यांच्या युनिटच्या पोरांना फोन करून नाही मागितले.”

असा फोन करता आला असता, हे भाऊजींच्या ध्यानात आलं नसावं. कल्पनानं एक्सेल उघडून आपला लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. युनिट दोन, चार आठवड्यांचे चार रकाने, चारही कोरे. बोट ठेवून ती म्हणाली, “शेवटचं विचारते. भरता?”

भाऊजींनी त्या रकान्यांकडे बघितलं. क्षणभर कल्पनाला वाटलं, भरतील. चांगला माणूस होता. तिला तमिळ येत नव्हतं तेव्हा पहिल्या दिवशी पहारेकऱ्यापासून कॅन्टीनवाल्यापर्यंत सगळ्यांना तिची ओळख करून द्यायला हाच माणूस बरोबर फिरला होता. त्यांचा हात माऊसवर गेला आणि तिथंच थांबला. मग त्यांनी स्वतःचा लॅपटॉप जवळ ओढून घेतला, जणू ती हिसकावून घेणार होती.

“नाही,” ते म्हणाले.

“बरं.”

कल्पनानं स्क्रिप्टमधली एक ओळ बदलली. जिथं तयार फाईलचं नाव होतं, तिथं नवीन नाव लिहिलं आणि पुन्हा चालवली. आता लाल ओळ आली नाही. नवीन पीपीटी उघडून तिनं एकेक पान बघितलं. चार्ट जागच्या जागी, मथळे जागच्या जागी, वर उजवीकडे राखाडी चौकट, टेम्प्लेटनं आखून दिलेल्या मापाची. टेबलाच्या त्या टोकाला भाऊजींची फाईल उघडीच होती. तीन फुगलेले चार्ट घेऊन ती आता कुठंच जाणार नव्हती.

तिनं रामस्वामी सरांच्या नावे मेल लिहिली. दोन ओळींची. पीपीटी जोडलं आहे, युनिट दोनची शीट कोरी आहे, आकडे भरले गेले तर सुधारित प्रत लगेच पाठवेन. सीसीच्या ओळीत चारही युनिटप्रमुखांची नावं घातली. भाऊजींचंही. त्यांच्या पाठीमागे काही करायचं नव्हतं तिला.

“पाठवलंस?” गिरीधर पेपर खाली ठेवत म्हणाला.

भाऊजींच्या लॅपटॉपनं मेल आल्याचा आवाज केला. राजसबाई पदरानं हात पुसत उभ्या राहिल्या. विद्यालक्ष्मीनं नवऱ्यापुढचा कॉफीचा ग्लास उचलला, बघितलं तर भरलेलाच होता, पुन्हा ठेवला.

“उद्या मी तुझं नाव सांगेन तिथं,” भाऊजी म्हणाले. “की माझ्या घरातल्या बाईनं मला...”

“सांगा. पानाच्या खाली आहेच माझं नाव. तयार करणारी, कल्पना गिरीधर.”

तिनं लॅपटॉप मिटला, चार्जरची वायर गुंडाळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा साध्या आवाजात सांगितलं, “यापुढे कंपनीचं काम मला या टेबलावर कुणी सांगायचं नाही. काही हवं असेल तर ऑफिसात माझ्या जागेवर यायचं.”