हळदीच्या दुधानं उतरलेला ताप

माझं हळदीच्या दुधाशी भांडण नाही, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर लोक म्हणतात, डॉक्टरीणबाईंना आपलं काही चालत नाही. मी राजारामपुरीत दवाखाना चालवते, आणि घसा बसला की रात्री मीसुद्धा कपभर हळद घातलेलं दूध पिऊन झोपते. माझं भांडण आहे ते माझ्या सख्ख्या भावाशी.

दादा बिद्रीकडं साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला आहे. उसाच्या रसाची तपासणी केल्याशिवाय तो पुढचं पाऊल टाकू देत नाही. नुसत्या डोळ्यांनी बघून "रस बराय" असं कुणी म्हटलं, तर त्याला तिथंच झाडतो. पण लेकीच्या घशाला मात्र अंदाज चालला त्याला!

पोरगी सहावीत आहे. फुटबॉलची गोलकीपर. शाळेच्या संघात तिच्याशिवाय पान हलत नाही. परवाच्या थंडीत तिला घेऊन दादा आणि वहिनी दवाखान्यात आले. अंगात सणकून ताप, गिळताना डोळ्यांत पाणी. खोकला नाही, सर्दी नाही. गळ्याच्या गाठी हात लावला की दुखत होत्या आणि टॉन्सिलवर पांढरे ठिपके. घशाचा नमुना घेऊन तपासायला पाठवला. जिवाणूच निघाला, तोच, ज्याची मला लहान मुलांत भीती वाटते, कारण तो अर्धवट सुटला तर पुढं हृदयावर जातो. दहा दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या.

"काढा चालंल न्हवं?" दादानं विचारलं.

"चालंल की. दे खुशाल."

मग मी त्याला सगळं समजावून सांगितलं, अगदी शाळेतल्या बाईंसारखं. बहुतेक घसेदुखी विषाणूंची असते. ती आठवडाभरात आपोआप जाते आणि तिला या गोळ्यांची गरजच नसते. तोवर गरम काहीही प्यायलं की घशाला बरं वाटतं. मिठाच्या गुळण्यांनी आराम पडतो. मधानं मुलांचा खोकला थोडा कमी होतो, याला बऱ्यापैकी पुरावा आहे, फक्त वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचा नाही. हळदीतलं द्रव्य काचेच्या बशीत जंतूंना आवरतं खरं, पण दुधातून पोटात गेलेल्या हळदीतलं रक्तात पोचतं अगदी थोडं. ऑपरेशनच्या वेळी घशात नळी घालतात, त्यानंतरच्या दुखण्यावर हळदीच्या गुळण्या उपयोगी पडल्याचे काही लहान अभ्यास आहेत. आलं आणि तुळशीचंही तसंच. प्रयोगशाळेत आशा दिसते, माणसांवरचे अभ्यास थोडके. बाकीचं म्हणजे आजवरची सवय आणि आईचा हात. त्यालाही माझी ना नाही. "पण या जंतूला काढा संपवतो आणि हृदयाला वाचवतो, असं कुणीही दाखवलेलं नाही," मी म्हटलं. "म्हणून काढा दे, दूध दे, पण गोळ्या शेवटपर्यंत."

"व्हय व्हय," दादा म्हणाला. वहिनीनंही मान हलवली.

तीन आठवडे गेले असतील. दादाचा फोन आला. पोरीचा गुडघा सुजला होता. "मैदानावर पडली आसंल. हळदीचा लेप लावलाय." दोन दिवसांनी पुन्हा फोन. गुडघा उतरला, पण आता घोटा धरला, आणि ताप परत आला. एका सांध्यातून दुसऱ्या सांध्यात उडी मारणारी सूज घशाच्या त्या जंतूनंतर आली, तर तो संधिवाताचा ताप, हृदयाला धरणारा, हे आम्हाला कॉलेजात घोकायला लावतात.

"दादा, गोळ्या पूर्ण केल्या ना?"

"आता घोट्यालाबी लेप लावलाय," तो म्हणाला.

"दादा!"

फोन वहिनीनं घेतला. तिसऱ्या दिवशी ताप उतरला होता, पोरगी शिरा खायला लागली होती. मग ह्यांनी म्हटलं, आलं उष्ण, हळद उष्ण, मिरी उष्ण, आणि गोळ्याही उष्ण. दोन उष्ण एकत्र दिली तर पोरीचं तोंड येईल. एक काहीतरी बंद करूया. मग गोळ्या बंद केल्या.

गोळ्या बंद केल्या! काढा नाही. दूध नाही. अरे देवा, बंदच करायचं होतं तर ते तरी बंद करायचं! मी फोनवर ओरडले, बाहेर बसलेले पेशंट उठून दारात आले. ताप तिसऱ्या दिवशी उतरतो तो काही न देताही उतरतो, घसाही काही दिवसांत मोकळा होतो. शरीर स्वतःच बरं होत असतं आणि शाबासकी मात्र पातेल्याला मिळते. कोंबडा आरवला म्हणून सूर्य उगवला, त्यातली गत! जंतू मात्र घशात मागं राहतो, आणि त्याच्याशी लढताना शरीर चुकून आपल्याच सांध्यांवर आणि हृदयावर उठतं.

त्याच दिवशी पोरीला हृदयाच्या डॉक्टरांकडं नेलं, त्यांनी सोनोग्राफी केली. एक झडप थोडी गळते आहे. थोडी, असं ते दोनदा म्हणाले, माझ्याकडं बघून. विश्रांती, औषधं, आणि दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन. पुन्हा हा घसा झाला तर झडप आणखी बिघडेल, म्हणून पुढची कित्येक वर्षं.

"मग मॅचला कधी उतरू?" पोरीनं विचारलं. डॉक्टरांनी पुढच्या इंजेक्शनची तारीख लिहून दिली.

दादा बाहेर जिन्यावर बसला होता. "पण बरी झालती की गं तिसऱ्या दिवशी," तो म्हणाला, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते निव्वळ रागानं. मी म्हटलं, "कारखान्यात रस असा बघून सोडला असतास का रे?"

त्यातच वहिनीनं आणखी एक गोष्ट सांगितली. तिसऱ्या दिवशी दादानं कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फुशारकीनं लिहिलं होतं: गोळ्या फेकल्या, आलं-तुळशीच्या काढ्यानं लेक ठणठणीत. त्याला ढिगानं अंगठे मिळाले होते आणि तो मजकूर कुठल्या कुठल्या गावांत फिरत होता. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता त्याच ग्रुपवर खरं लिही. त्यानं लिहिलं, सगळं लिहिलं, हाताला घाम येईस्तोवर. गोळ्या मी थांबवल्या, लेकीचं हृदय दुखावलं, काढा द्या पण औषध पूर्ण करा.

पुढच्या इंजेक्शनला ते दवाखान्यात आले तेव्हा मी विचारलं, काय म्हणाले लोक? दादानं फोन पुढं केला. एकही अंगठा नाही. खाली एकच उत्तर होतं: "पावणं, त्ये समदं खरं, पर काढ्यात मिरी किती घालायची त्ये लिवा की."

माझं टाळकंच सणकलं. मी त्या माणसाला काय काय सुनवायचं ते मनात जुळवत सिरिंज भरत होते, तेवढ्यात पोरीनं बापाच्या हातातला फोन ओढून घेतला. एका हाताची मूठ आवळून तिनं सुई सोसली आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं टाइप करत राहिली. मग पाठवून तिनं फोन माझ्याकडं दिला.

"मिरी कितीबी घाला काका. मी गोलकीपर होते. आता दर तीन आठवड्याला इंजेक्शन घेते."